आधी पूर्ण आकडा, मग एफडी

*आम्ही ऐरोलीत राहतो. मी ३६, नवरा ३९, मुलगी चौथीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. दोघेही नोकरी करतो. घराचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, ३८ हजारांचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो. गेल्या महिन्यात हप्ता बाउन्स झाल्याचा मेसेज मला आला. विचारलं तर म्हणाला, शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये थोडं नुकसान झालं म्हणून दोन लाखांचं पर्सनल लोन काढलं होतं. आठ दिवसांनी कपाटात क्रेडिट कार्डाचं पत्र सापडलं, त्यावर अजून दीड लाख. आता म्हणतो, "एवढंच आहे, मी निस्तरतो, तू लक्ष घालू नकोस." फोन दाखव म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही. माझी सहा लाखांची एफडी आहे. ती मोडून एकदाचं मिटवावं असं वाटतं. मला संसार मोडायचा नाही, पण खरं किती आहे ते कळायला हवं. कसं विचारू?*
*— एक वाचक, ऐरोली*

ताई,

एफडीला या महिन्यात हात लावू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण तुमच्यासारख्या कितीतरी बायकांनी पहिल्या घबराटीत एफडी मोडली, दागिने विकले, आणि सहा महिन्यांनी त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या होत्या. कर्ज तेवढंच होतं आणि एफडी मात्र गेली होती.

ठाण्यातल्या एका बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. अर्जावर एक रकाना असतो, "इतर कर्जे". त्यात लोक काय लिहितात आणि कागद मागवल्यावर काय निघतं, हे मी रोज पाहिलं आहे. त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगू शकते. लपवलेल्या कर्जाची पहिली कबुली जवळजवळ नेहमी अर्धी असते. जेवढं पकडलं गेलं तेवढंच माणूस कबूल करतो. तुमच्या घरीही तसंच झालं. मेसेज आला तेव्हा दोन लाख निघाले, पत्र सापडलं तेव्हा दीड. "एवढंच आहे" हे वाक्य तुम्ही आता दुसऱ्यांदा ऐकलं आहे.

यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. अडकलेल्या माणसाला आपल्या कर्जाची बेरीज बहुधा माहीतच नसते. त्याला हप्ते पाठ असतात. पाच तारखेला एवढे, बारा तारखेला तेवढे. एकूण किती देणं आहे हे कागदावर मांडायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून "खरं सांग, किती आहे?" असं विचारलंत तर तुमचे मिस्टर एक आकडा सांगतील, तो चुकेल, पुढे काहीतरी नवीन निघेल आणि तुमच्या मनात "पुन्हा खोटं बोलला" असं बसेल. तोंडी आकडा मागूच नका. दोघांनी मिळून कागद काढा आणि आकडा कागदावरून घ्या.

फोन मागायचंही थांबवा. तुमचा राग मला समजतो, पण फोनमधून तुम्हाला हवं ते मिळणार नाही. ॲप काढून टाकता येतं, मेसेज पुसता येतात. वर फोन तपासणं म्हणजे झडती, आणि झडतीत माणूस लपवायलाच शिकतो. कर्जाच्या बाबतीत फोनपेक्षा पक्का कागद आपल्याकडे आहे, तो म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. आपण सगळे त्याला सरसकट "सिबिल" म्हणतो, पण असे रिपोर्ट देणाऱ्या संस्था चार आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने मागणाऱ्याला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या संकेतस्थळावर पैसे भरून घ्यायच्या योजना ठळक दिसतात आणि फुकटचा पर्याय थोडा शोधावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही.

मिस्टरांचा पॅन तुम्हाला माहीत असेल, पण त्यांच्या नकळत रिपोर्ट काढायचा प्रयत्न करू नका. ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो आणि तुम्ही मागितलेला मोकळेपणा तुमच्याच हातून मोडतो. त्याऐवजी आज रात्रीच स्वतःचा रिपोर्ट काढा. त्यात घराचं कर्ज दिसेल, आणि गेल्या महिन्याचा थकलेला हप्ता तुमच्याही नावावर लागलाय का हे कळेल. सहकर्जदाराला तो डाग लागतोच. हा कागद हातात असला की बोलणं "तू काय केलंस" इथून सुरू होत नाही, "आपल्या दोघांचं काय झालंय" इथून होतं.

बोलायचं कधी आणि कुठे, हेही ठरवून करा. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाशी, आतल्या खोलीत सासूबाई जाग्या असताना, दबक्या आवाजात हा विषय निघाला तर दहा मिनिटांत भांडण होईल. रविवारी सकाळी मुलीला आजीकडे ठेवा आणि दोघं बाहेर पडा. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती एक फेरी मारा, नाहीतर ऐरोलीतच खाडीकडे चाला. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना अवघड गोष्ट तोंडातून लवकर निघते. मी तरी हे पुष्कळ वेळा पाहिलंय.

बोलताना वाक्यं तुमचीच असू द्या, पण साधारण असं म्हणता येईल: "हे बघ, हप्ता बाउन्स झाला तेव्हापासून मला झोप नाही. घराचं कर्ज माझ्याही नावावर आहे, म्हणून लक्ष घालू नकोस म्हणालास तरी मला ते जमणार नाही. मी माझा रिपोर्ट काढलाय, हा बघ. तुझाही आपण दोघं मिळून काढू. तुझा फोन मला नको. जे निघेल त्यावर त्या दिवशी मी ओरडणार नाही, आईंना सांगणार नाही. पण रिपोर्ट निघाल्यावर नवीन काही सापडलं, तर ते मला सहन होणार नाही. आत्ता जे असेल ते सगळं एकदम येऊ दे."

यातली दोन वचनं तुम्हाला पाळावी लागतील, म्हणून मनाची तयारी असेल तेव्हाच द्या. त्या दिवशी खरंच ओरडायचं नाही. राग येईल, तो दुसऱ्या दिवशी बहिणीकडे, मैत्रिणीकडे काढा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ते विचारतील, हे धरून चाला. तेव्हा मागचं उकरू नका. "विश्वास परत यायला मला कागदाचा आधार हवाय" एवढंच म्हणा आणि तारीख ठरवून घ्या. पुढचा रविवार, सकाळी ११. एक आठवडा मुद्दाम द्यायचा. त्या आठवड्यात पुष्कळ माणसं स्वतःहून उरलेलं सांगून टाकतात.

रिपोर्ट समोर आला की स्कोअरचा आकडा बाजूला ठेवा. आधी खात्यांची यादी वाचा. प्रत्येक कर्जापुढे ते कधी घेतलं, मंजूर किती, आज शिल्लक किती आणि किती दिवस थकलंय हे लिहिलेलं असतं. कर्ज एकट्याच्या नावावर, दोघांच्या नावावर की जामीनदार म्हणून, हेही असतं. मित्राला जामीन राहिलेलं कर्ज अशा वेळी हमखास बाहेर येतं. शेवटी `Enquiries` असा भाग असतो, कोणकोणत्या संस्थांनी यांचा रिपोर्ट मागवला त्याचा. तीन-चार महिन्यांत आठ-दहा चौकश्या असतील तर माणूस दारोदार कर्ज मागत फिरत होता असं समजा.

एका ठिकाणी नवरा-बायकोत विनाकारण खटका उडतो, म्हणून आधीच सांगते. ॲपवरून घेतलेलं कर्ज रिपोर्टमध्ये बहुतेकदा ॲपच्या नावाने दिसत नाही. ते ज्या वित्तसंस्थेने दिलं तिचं नाव तिथे असतं, आणि ते नाव घेणाऱ्यानेही कधी ऐकलेलं नसतं. "ही कंपनी कुठली, मला माहीत नाही" असं तुमचे मिस्टर म्हणाले तर लगेच खोटं मानू नका. रक्कम आणि तारीख घ्या आणि त्याच तारखेला त्यांच्या खात्यात ती रक्कम जमा झाली आहे का ते बँक स्टेटमेंटवर बघा. जुळलं तर कर्ज त्यांचंच. जुळलं नाही तर कुणीतरी त्यांच्या नावाने काढलं असू शकतं, तेव्हा त्या संस्थेकडे आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करायची. एकाच संस्थेच्या रिपोर्टवर थांबूही नका. सिबिलबरोबर दुसरा एक काढा, कधीकधी एकीत न दिसलेलं दुसरीत दिसतं. आणि अगदी ताजं, गेल्या काही दिवसांतलं कर्ज दोन्हीकडे नसू शकतं.

आता जे कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं ते. मेहुण्याकडून, मित्राकडून घेतलेले हातउसने. भिशी आधीच उचललेली असेल तर तिचे उरलेले हप्ते. ऑफिसातली उचल. एलआयसीच्या पॉलिसीवर काढलेलं कर्ज. पीएफमधून काढलेली रक्कम, जी कर्ज नसली तरी गेलेली असते. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचं कर्जही पुष्कळदा रिपोर्टला येत नाही. याला तीन कागद पुरतात: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, पीएफचं पासबुक, आणि सगळ्या बँक खात्यांचं वर्षभराचं स्टेटमेंट. पगारपत्रिकेत "सोसायटी" नावाची कपात दिसली तर पतसंस्था सापडली. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला एकाच नावाला जाणारी तीच रक्कम दिसली तर उसनवारी किंवा भिशी. आणि लॉकर. लॉकर दोघांनी मिळून उघडा. सोनं गहाण टाकून काढलेलं कर्ज रिपोर्टमध्ये "गोल्ड लोन" म्हणून दिसतं, पण त्यात कुणाच्या बांगड्या गेल्या हे तिथे लिहिलेलं नसतं. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने तुमचं स्त्रीधन आहे, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही.

कळव्याच्या एका जोडप्याचं सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नवऱ्याने आधी तीन लाख सांगितले. रिपोर्ट काढायच्या आदल्या रात्री स्वतःच म्हणाला, साडेपाच असतील. सगळे कागद टेबलावर आले तेव्हा पर्सनल लोन २,८५,००० निघालं, दोन कार्डांवर मिळून १,४०,०००, तीन ॲपवाल्यांचे ७५,०००, सोन्यावरचं १,२०,०००, ऑफिसच्या पतसंस्थेचे ८०,००० आणि मेहुण्याचे १,००,०००. बरोब्बर आठ लाख. तो माणूस त्या आकड्याकडे बघत बसला. खोटं बोलला होताच, पण आठ लाख हा आकडा त्यालाही पहिल्यांदाच दिसला होता. बायकोने त्या दिवशी फक्त चहा केला, आणि ते तिने फार चांगलं केलं.

तिनेही तीन लाख ऐकल्यावर एफडी मोडायची ठरवली होती. मोडली असती तर त्याने पर्सनल लोन आधी फेडलं असतं, कारण ते सर्वांत मोठं दिसत होतं. खरं म्हणजे कार्डांपेक्षा ते कितीतरी सावकाश पोखरत होतं, वर्षाला १४ टक्के. जीव घेत होती कार्डं. महिना साडेतीन टक्के म्हणजे १,४०,००० वर ४,९०० व्याज, वर १८ टक्के जीएसटीचे ८८२. तो दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ७,००० भरत होता आणि त्यातले जेमतेम १,२०० मुद्दलात जात होते. नवी खरेदी झाली की तेही नाहीत. पूर्ण यादी झाल्यावरच हे दिसलं. मग तिने एफडीतले सव्वादोन लाख वापरले: ॲपवाले तिन्ही बंद केले, दोन्ही कार्डं पूर्ण फेडून बंद केली, उरलेले दहा हजार मेहुण्याला दिले. पर्सनल लोनचे हप्ते नवऱ्याच्या पगारातून चालू राहिले, पतसंस्थेचे तर पगारातूनच कापले जात होते, सोनं दिवाळीच्या बोनसमध्ये सोडवलं. मेहुण्याकडे दोघं मिळून गेले, खरं सांगितलं आणि दर महिन्याला ५,००० ठरवले. त्या पावणेदोन तासांच्या प्रवासात नवरा एक शब्द बोलला नाही, पण परत येताना झोपला. कित्येक महिन्यांनी, असं ती म्हणाली.

तिचे दोन नियम तुम्हीही घ्या. पैसे नवऱ्याच्या खात्यात एकदाही टाकले नाहीत, तिच्या खात्यातून थेट कर्ज देणाऱ्याला भरले. आणि प्रत्येक ठिकाणाहून "काही येणं बाकी नाही" असं पत्र घेतलं. वसुलीवाले कधीकधी कमी रकमेत मिटवायला तयार होतात. ऐपत असेल तर त्या मोहात पडू नका. तसं मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये `Settled` असं राहतं आणि पुढची बँक ते बघून मागे सरते. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे `Closed` येतं. दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून तो शब्द डोळ्यांनी बघा.

आता ऑप्शन्सचं. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि प्रत्येकाचा सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास होता. म्हणजे तुमचे मिस्टर काही जगावेगळे मूर्ख नाहीत, हे त्यांनाही कळू द्या. प्रश्न एवढाच की ते अजून चालू आहे का. "एकदा तोटा भरून निघाला की थांबतो" हे वाक्य ऐकलंत तर चालू आहे असं समजा. खरं कळायला ब्रोकरच्या ॲपवरून दर आर्थिक वर्षाचा टॅक्स पी अँड एल रिपोर्ट आणि लेजर काढायला सांगा. लेजरमध्ये खात्यात कधी किती पैसे टाकले हे तारखेसह असतं. त्या तारखा पर्सनल लोनच्या आणि कार्डाच्या तारखांशेजारी ठेवल्या की कर्जाचा पैसा कुठे गेला हे न भांडता समजतं. मग ब्रोकरकडे फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभागच बंद करायची विनंती करता येते. एफडीतला पहिला रुपया देण्याआधी हे तुमच्यासमोर झालेलं असू द्या. ही अट मागायला अजिबात संकोचू नका. (हा तोटा रिटर्नमध्ये ठरलेल्या मुदतीत दाखवला असेल तर पुढची आठ वर्षं तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा मिळतो, पगारातून नाही. सीएला विचारून ठेवा.)

थांबायचं म्हणतात पण थांबता येत नाही, रात्री दोन-दोनला उठून फोन बघतात, जेवण तुटलंय, असं असेल तर आता हा पैशांचा प्रश्न राहिलेला नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं, विम्याचे पैसे तरी मिळाले असते" असलं काही अर्धवट जरी बोलले, तर हिशेबाची वही मिटून ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी फोन लावा. कर्ज लपवणारा पुरुष शरमेने किती आतून पोखरलेला असतो, हे घरच्यांना फार उशिरा कळतं. मी हे उशिरा कळलेलं घर पाहिलंय.

कागद मांडले गेल्यावर थोड्याच दिवसांत घरात एक सूचना येईल, मिस्टरांकडून नाहीतर एखाद्या एजंटकडून. "घराच्या कर्जावर टॉप-अप घेऊ, व्याज कमी पडेल, सगळं एकत्र होईल." व्याज कमी पडतं हे खरं. पण पर्सनल लोन आणि कार्डं आज त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. त्यावर तुमची सही नसेल तर बायको म्हणून तुमच्याकडून ते वसूल करता येत नाही. टॉप-अपच्या कागदावर सही केलीत की तेच देणं तुमचंही होतं आणि तारण म्हणून घर त्याखाली जातं. कार्डं मोकळी झाल्यावर तीच पुन्हा भरली गेलेलीही मी पाहिली आहेत, वर टॉप-अप आहेच. ऑप्शन्स बंद झाल्याचा लेखी पुरावा आणि सहा महिन्यांचा स्वच्छ हिशेब दिसेपर्यंत कशावरही सही करू नका, जामीनदार म्हणूनही नाही. "विश्वास असेल तर सही कर" म्हणाले तर "सहा महिन्यांनी करते" म्हणा आणि विषय संपवा.

वसुलीवाल्यांची भीती वाटत असेल तर एवढं माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि सासूबाईंना किंवा शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करता येत नाही. केली तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर. फोटो बदलून धमक्या देणारं ॲप असेल तर सरळ सायबर हेल्पलाइन १९३०.

पुढचा मोकळेपणा टिकायचा तर तो रोजच्या चौकशीवर टिकत नाही. रोज "आज किती खर्च केलास" विचारलंत तर दोन महिन्यांत दोघेही वैतागाल. महिन्याचा पहिला रविवार ठेवा, अर्धा तास, दोघांची स्टेटमेंटं, तुमचंही. त्यापलीकडे प्रत्येकाला ठरावीक हातखर्च असू द्या, पाच हजार म्हणा, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ती रक्कम नसली तर माणूस पुन्हा लपवायला लागतो, चहा-सिगरेटपासून सुरुवात होते. आणि चार संस्थांचे चार फुकट रिपोर्ट एकदम संपवू नका. आत्ता दोन वापरले जातील, पण जानेवारीपासून दर तीन महिन्यांनी एकेका संस्थेचा काढला तर वर्षभर एकही पैसा न देता नजर राहते. दोघांचेही काढायचे.

त्यांनी नाहीच ऐकलं तर? महिनाभर वाट बघा, दोनदा शांतपणे विचारा. मग त्यांच्या मानाचा माणूस मध्ये घ्या, मामा, थोरला भाऊ, जुना मित्र, ज्याच्यासमोर ते चिडत नाहीत. सासूबाईंना पहिल्यांदा सांगू नका. आईसमोर लाज गेली म्हणून दार कायमचं लागलेलं मी पाहिलंय. दरम्यान तुमचा पगार वेगळ्या खात्यात असू द्या, एफडीवर आणि पॉलिसीवर नॉमिनीचं नाव तपासा, घराच्या कागदांच्या प्रती बहिणीकडे ठेवा. कायद्याचा सल्ला लागला तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. पैशांवरून हात उगारला गेला तर १८१ वर फोन करा.

एक काम मात्र रविवारपर्यंत थांबवू नका. घराच्या हप्त्याची पुढची तारीख बघा. दोघांच्या नावाने एक वेगळं खातं उघडा, पगार झाल्या दिवशी दोघांनी आपापला वाटा त्यात टाकायचा आणि हप्ता तिथूनच जायचा, मेसेज दोघांच्या फोनवर. बँकेत हप्त्याचं खातं बदलायचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून या महिन्याचा हप्ता तारखेच्या दोन दिवस आधी त्यांच्या जुन्या खात्यात आहे ना, एवढं त्यांना आज विचारा. कमी पडत असेल तर तेवढी रक्कम तुम्ही थेट गृहकर्जाच्या खात्यावर भरा आणि पावती ठेवा.